१८७६ चं घड्याळ आणि १९३० च्या दशकातली स्प्रिंग

तर झालं असं, की शनिवारी सकाळी चहा हातात असतानाच मित्राचे चार फोटो आले. पॉकेट वॉच, मोठी साखळी, तबकडीवर कुणा साहेबाचं नाव, खाली 'लंडन' आणि १८७६. किंमत चौदा हजार, दोन हजार देऊन झालेले. त्याच्या बाबांनी त्याच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी आजोबांचं असंच घड्याळ विकलं होतं. आता बाबांची साठी. त्यामुळे मी "मस्त आहे रे" म्हणून मोकळा होऊ शकलो नाही.

मी तबकडी सोडून आधी मशीनचा फोटो मोठा केला. मशीन डबीच्या मानाने बारीक, भोवती पितळेची रुंद चकती! जुन्या पॉकेट वॉचचं मशीन सहसा चाळीसेक मिलिमीटरचं असतं आणि डबी भरून बसतं. मनगटी घड्याळाचं तीसच्या आत, म्हणून राहिलेली जागा चकतीने भरतात. मग सेकंदाची छोटी तबकडी पाहिली. उघड्या तोंडाच्या घड्याळात चावी १२ वर आणि ही ६ वर असते. इथे ती ३ वर होती. मनगटी मशीनची चावी ३ वर असते, ती वर आणायला मशीन पाव फेरा फिरवलं की सेकंद ६ वरून ३ वर जातात. (झाकणवाल्या घड्याळाचं अस्सल मशीन उघड्या डबीत बसवलं तरी असंच होतं, त्यामुळे एवढ्यावरून फाशी देऊ नये.)

पण बॅलन्सच्या मधोमध वीणेच्या आकाराची चिमुकली स्प्रिंग दिसली आणि विषय संपला. ती इन्काब्लॉक, घड्याळ पडलं तर आतली नाजूक टोकं वाचवणारी. ती आली १९३० च्या दशकात. १८७६ मध्ये कुठून असणार?

साहेबाचं नाव बेली आणि लूम्स यांच्या घड्याळजींच्या याद्यांत सापडलं नाही. तो पुरावा नव्हे, कारण तबकडीवर दुकानदाराचंही नाव असायचं. आपल्या मुंबईच्या वेस्ट एंड वॉच कंपनीची घड्याळं स्विस बनावटीची होती. पण खोटी नावं नवी नाहीत. अठराव्या शतकात इंग्लंडबाहेरच्या घड्याळांवर 'टार्ट्स, लंडन' छापून येत असे!

काळपटपणाही सगळीकडे सारखा. खरा वापर असेल तर कडी जिथे घासते तिथे खाच पडते, कडांवरचं नक्षीकाम गुळगुळीत होतं आणि मळ फक्त खोबणीत उरतो. इथे नक्षी धारदार, आणि झाकणाच्या आतही तोच काळा रंग. म्हणजे डबी अख्खी औषधात बुडवलेली.

सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, "अरे, पण चालतंय ना?"

चालतं, आणि बरंच वर्षं चालेल. हजार-दीड हजाराला घे म्हटलं, फक्त बाबांना १८७६ चं म्हणून देऊ नकोस. त्याने दोन हजार सोडले. आता तो आजोबांचं घड्याळ ज्या दुकानात गेलं, त्याची पावती शोधतोय.