मुठीतले पेट्रोल

दुचाकीचे अ‍ॅव्हरेज कंपनीच्या कागदावर एक असते आणि रस्त्यावर दुसरे. एकाच मॉडेलच्या, सारख्याच वयाच्या दोन गाड्या चांदणी चौकातून पौडला रोज जातात आणि एक लिटरमागे ५० किलोमीटर देते, दुसरी ६०. दोन्हींच्या चाकांत हवा बरोबर असेल आणि ब्रेक घासत नसतील, तर हा फरक बहुधा चालवणाऱ्याच्या हाताचा असतो. मुळशी तालुक्यातला हा रस्ता तो फरक ओळखायला उत्तम आहे. भूगाव-भुकूमची गर्दी, पिरंगुटचा घाट आणि त्यापुढचा बराचसा मोकळा टप्पा, असे तीनही प्रकार २०-२५ किलोमीटरच्या आत येतात.

पेट्रोल कुठे जाते याचा हिशोब आधी पाहावा. शंभर सीसीची गाडी आणि चालवणारा मिळून वजन १८० किलो धरू. ही गाडी ताशी ६० च्या वेगात असते तेव्हा तिच्या अंगात सुमारे २५ किलोज्यूल ऊर्जा साठलेली असते. छोटे इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम पाव भाग चाकापर्यंत पोहोचवते, म्हणून तेवढा वेग मिळवायला सुमारे ३ मिली पेट्रोल लागते. ब्रेक दाबून गाडी थांबवली की हे सारे ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णता होऊन निघून जाते. ३ मिली ऐकायला क्षुल्लक वाटते, पण लिटरला ६० देणाऱ्या गाडीसाठी ते १८० मीटरचे अंतर आहे. चांदणी चौक ते पौड यादरम्यान कोणी असा १५ वेळा जोरात जाऊन थांबला, तर जवळपास पावणेतीन किलोमीटरचे पेट्रोल ब्रेकमध्ये जिरते. त्या प्रवासाच्या एकूण पेट्रोलचा हा आठवा-नववा हिस्सा झाला.

म्हणून अ‍ॅव्हरेजसाठी पहिली सवय डोळ्यांची आहे. भूगावात पुढे टेम्पोचे लाल दिवे लागलेले दिसतात, गतिरोधकाचे पांढरे पट्टे दिसतात, एसटी थांब्याकडे वळताना दिसते. त्या क्षणी मूठ सोडावी. टॉप गिअरमध्येच मूठ सोडलेली गाडी सपाट रस्त्यावर शंभर-सव्वाशे मीटरमध्ये ६० वरून ३० वर येते. वेग निम्मा झाला की अंगातली ऊर्जा पावच उरते, म्हणजे गतिरोधकापाशी ब्रेकला जे द्यावे लागते तेही पावच. बाकीची ऊर्जा वाया गेलेली नसते, तिनेच गाडीला ते शंभर मीटर पुढे आणलेले असते. यासाठी पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटवर नजर खिळवून चालत नाही. तिच्या पलीकडची दुसरी-तिसरी गाडी दिसेल इतके अंतर ठेवावे लागते. अंतर ठेवले की मधे कोणीतरी घुसतो, हे खरेच. तो घुसला तर पुन्हा थोडी मूठ सोडावी. त्यात जाणारे पेट्रोल त्याच्याशी शर्यत लावण्यापेक्षा कमीच असते.

मूठ हळुवार पिळावी हा सल्ला सगळेच देतात, पण त्याचे कारण बहुतेकदा अर्धेच सांगितले जाते. झटक्याने मूठ पिळली की फ्युएल इंजेक्शनची गाडी क्षणभर जास्तीचे पेट्रोल सोडते, हे बरोबर आहे. मात्र मोठे नुकसान त्यात नाही. झटक्याने घेतलेला वेग पुढच्या पन्नास मीटरवर ब्रेकने मारावा लागतो, नुकसान तिथे आहे. पुढे रस्ता मोकळा असेल तर बऱ्यापैकी चपळाईने वेग घेऊन टॉप गिअर गाठणे काही वाईट नाही. रडतखडत, दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन घुमवत वेग वाढवण्यापेक्षा ते चांगलेच. वेग गाठल्यावर मात्र मूठ स्थिर हवी. सपाट रस्त्यावर सतत पिळ-सोड करणारा हात गाडीला उगाच पळवतो आणि रोखतो.

गिअरचे गणित घाटात कळते. इंजिन कमी फेऱ्यांवर आणि मध्यम ओझ्यावर सगळ्यात काटकसरीने चालते, म्हणून सपाटीवर ४०-४५ च्या सुमारास वरचा गिअर टाकावा. पण हाच नियम पिरंगुटच्या चढावर नेला की उलटा पडतो. तिथे टॉपमध्ये मूठ पूर्ण पिळूनही गाडी ओढत नाही, वेग घसरत जातो, चेन झटके देऊ लागते आणि इंजिनातून टकटक असा बारीक आवाज येतो. तो आवाज म्हणजे इंजिन रेटले जात असल्याची खूण. शिवाय मूठ पूर्ण पिळलेली असताना मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण जास्त ठेवलेले असते, म्हणून वरच्या गिअरचा फायदा तिथे संपतो. आवाज येण्याआधीच तिसरा गिअर टाकावा आणि मूठ अर्ध्या-पाऊण भागावर ठेवून ३५-४० ने चढावे. पुढे ट्रक रांगत असेल तर हाफ क्लचवर गाडी तोलून धरू नये. क्लच घसरतो तेव्हा पेट्रोल त्याच्या प्लेटा तापवण्यात जाते. थोडे थांबून, अंतर पडू देऊन, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून पुढे जावे.

उतारावर न्यूट्रल टाकून गाडी सोडण्याची सवय या रस्त्यावर बऱ्याच जणांना आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आले आणि बहुतेक नव्या दुचाकी इंजेक्शनवर गेल्या. यातल्या अनेक गाड्यांत गिअरमध्ये असताना मूठ पूर्ण सोडली की पेट्रोल जवळपास बंद होते आणि चाकच इंजिन फिरवते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते पेट्रोल जातच राहते. इंजिन बंद करून उतरणे तर घातकच, कारण इंजिनाचा आधार गेला की सगळा भार ब्रेकवर येतो आणि ताम्हिणीसारख्या लांब उतारावर तापलेले ब्रेक धरेनासे होतात.

पिरंगुटच्या पुढे प्रश्न उरतो तो वेगाचा. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ५० चे ७० केले की तो जवळपास दुप्पट होतो, शिवाय ताठ बसलेला माणूस वाऱ्याला सगळी छाती देतो. मोकळ्या १० किलोमीटरवर या घाईने वाचतात फक्त साडेतीन मिनिटे. याचा अर्थ २५ ने रांगावे असाही नाही. फार कमी वेगात इंजिन स्वतःच्याच घर्षणावर जास्त पेट्रोल खर्चते आणि खालचा गिअर धरावा लागतो. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीला टॉप गिअरमध्ये स्थिर ४५ ते ५५ हा पट्टा सगळ्यात मानवतो. पावसाळ्यात पौडकडे जाताना पश्चिमेचा वारा समोरून येतो. ताशी २० चा वारा असेल तर ५० वर चाललेल्या गाडीला तो ७० चाच भासतो. फडफडणारा रेनकोट त्यात भर घालतो. अशा दिवशी ४५ वर येणे शहाणपणाचे.

बदललेल्या हाताचा परिणाम मोजायचा तर मीटरवरच्या क्षणिक आकड्यावर विसंबू नये. मेन स्टँडवर गाडी लावून टाकी एका ठरलेल्या खुणेपर्यंत भरावी, किलोमीटर टिपावेत, रोजच्याच रस्त्यावर अडीच-तीनशे किलोमीटर चालवून त्याच पंपावर त्याच खुणेपर्यंत पुन्हा भरावे आणि अंतराला भरलेल्या लिटरांनी भागावे. एका टाकीत लिटरमागे दोन-तीन किलोमीटरचा फरक भरण्याच्या चुकीनेही पडतो, म्हणून निदान तीन टाक्यांची सरासरी घ्यावी. पावसाळ्यातला आकडा पावसाळ्यातल्याच आकड्याशी ताडावा आणि मागे कोणी बसले असेल त्या टाक्या वेगळ्या लिहाव्यात.