वाटा शून्य, जामीन पूर्ण

काकांच्या मिळकतीत माझा एका रुपयाचाही वाटा नाही, आणि त्याच मिळकतीसाठी कोर्टात जामीन राहिलो तो मी. हे मला अजून पचलेलं नाही.

काका अविवाहित. आजी-आजोबा आणि माझे वडील आधीच गेलेले. शेवटची वर्षं काका आमच्याकडेच होते. मृत्युपत्राचा विषय काढला की "तू आहेस की" म्हणून विषय संपवायचे. मागे राहिला सदाशिव पेठेतला फ्लॅट आणि बँकेतल्या ठेवी. ठेवींवर नॉमिनी मी. वकील म्हणाले, नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालक होत नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलं, आई, वडील यांपैकी कोणी नसेल तर भाऊ-बहिणींचा नंबर लागतो, आणि भावाची मुलं त्यांच्याही खाली. वर एक जरी बहीण हयात असली तरी खालच्यांना काही मिळत नाही. म्हणजे सगळं नागपूरच्या आत्याचं.

हिंदूंना लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन घेण्याची सक्ती नाही, पण फ्लॅट आणि ठेवी एकाच हुकमात याव्यात म्हणून आत्याने अर्ज केला. अर्ज करायचा हक्क वारसालाच; वारस पुढे आलाच नाही तर मग धनकोची पाळी. सेवा केलेला पुतण्या या रांगेत कुठेच नाही. नोटीस निघाली, हरकत आली नाही, हुकूम झाला. पण पत्र हातात पडेना, कारण 1925 च्या कायद्याच्या कलम 291 प्रमाणे आधी बंधपत्र हवं. मिळकत गोळा करीन, देणी फेडीन, उरलेलं वारसाला देईन, असं प्रशासकाने लिहून द्यायचं आणि जोडीला जामीनदार आणायचा. आत्याच्या मुलाचं घर कर्जात अडकलेलं. फोन आला, "बाळा, तूच राहा रे जामीन."

मी माझ्या घराची कागदपत्रं काढली, किंमत आणि बोजा नसल्याचं प्रतिज्ञापत्रावर लिहिलं. कारकुनाने ती चाळली आणि विचारलं, "तुम्ही वारस?" नाही म्हटल्यावर त्याने मान वर करून पाहिलं. एकच वारस, तिलाच पत्र, मग ती कोणाला बुडवणार म्हणून हा जामीन? वकिलांशी मी यावरून बराच वाद घातला. ते शांतपणे म्हणाले, "हॉस्पिटलचं बिल बाकी आहे ना? ते आधी फेडायचं. नाहीतर हॉस्पिटलवाले तुमच्याकडे येतील." तेव्हा मात्र पटलं. अशा आत्यांना जामीन लावलाच पाहिजे, असंही मनात येऊन गेलं.

पत्र मिळाल्यापासून 6 महिन्यांत मिळकतीची यादी आणि वर्षात हिशेब कोर्टात द्यायचा असतो. यादी मीच बसून लिहिली. आत्याच्या मुलाने तोवर फ्लॅटला गिऱ्हाईकही आणलं. प्रशासकाला स्थावर विकायला कोर्टाची परवानगी लागते, हे मी त्याला पाठवलं. बिल भरल्याची पावती दाखवल्याशिवाय त्या अर्जासाठी मी कुठेही सही करणार नाही, हेही कळवलंय. आत्या रागावली आहे.