‘हिला पेनिसिलिन चालत नाय’

रेवदंडा ते मुरूड या पट्ट्यात ‘हिला पेनिसिलिन चालत नाय’ हे वाक्य मी सतत ऐकतो. ऐकलं की पेन खाली ठेवतो आणि विचारतो, ताई, कुठलं औषध, कधी दिलं, त्रास किती वेळानं सुरू झाला, अंगावर नेमकं काय उठलं? निम्मी निवड या उत्तरांतच होते.

कोळीवाड्यातली सहा वर्षांची, वीस किलो वजनाची मुलगी. ताप, टॉन्सिलवर पांढरा पू, जबड्याखाली दुखऱ्या गाठी. खोकला नाही, नाक वाहत नाही. म्हणजे स्ट्रेप्टोकॉकसचा संशय पक्का. अशा घशाला पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिनच पहिलं. पण तिसऱ्या वर्षी अमॉक्सिसिलिनच्या पाचव्या दिवशी तिच्या अंगावर चपटं, लालसर पुरळ उठलं होतं. सूज नव्हती, धाप नव्हती, कातडी सोलली नव्हती. लहानपणी असं पुरळ बरेचदा मूळ विषाणूचंच असतं, आणि नाव औषधाचं होतं. तरी खात्री होईपर्यंत मी पेनिसिलिन टाळतो. सेफॅलेक्सिन मात्र निर्धास्त देतो.

तिच्या मामाची गोष्ट वेगळी. पेनिसिलिनच्या इंजेक्शननंतर काही मिनिटांतच गांधी, सुजलेले ओठ, घुसमट. सेफॅलेक्सिनची रेणूरचना पेनिसिलिनच्या काही भावंडांशी जुळते, म्हणून त्याला तेही नको. त्याला ॲझिथ्रोमायसिन पाच दिवस किंवा क्लिंडामायसिन दहा दिवस. दुकानात सहज मिळणारी तीन गोळ्यांची पट्टी इथे अपुरी पडते. शिवाय काही स्ट्रेप्टोकॉकस ॲझिथ्रोमायसिनला दाद देत नाहीत. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही तर मी घशाचा स्वॅब मागतो. डॉक्सिसायक्लिन आणि को-ट्रायमॉक्साझोल, स्वस्त असली तरी, या जंतूसाठी वापरत नाही.

मुलीच्या सेफॅलेक्सिनचा हिशेब सोपा होता: ४०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, दहा दिवस. पाच मिलीत २५० मिलिग्रॅमचं औषध घेतलं तर एका वेळी आठ मिली, म्हणजे एकूण १६० मिली. तीस मिलीच्या सहा बाटल्या लागतात! खरा घोळ इथेच होतो. घरचे एक बाटली नेतात, ती दोन दिवसांत संपते, तोवर ताप उतरलेला असतो, पोर अंगणात पळत असते. दुसरी बाटली कोण आणणार?

ताप उतरला तरी घशात जंतू उरतात. उरलेल्या जंतूंविरुद्ध शरीर जी फौज उभारते, ती दोन-तीन आठवड्यांनी चुकून स्वतःच्याच सांध्यांवर, हृदयाच्या झडपांवर चालून जाऊ शकते. हाच संधिवाताचा ताप, आणि दहा दिवस त्याच्यासाठी. (काही देश पाच दिवसांवर आलेत, तिथे हा आजार जवळजवळ उरलेला नाही.) दुखणं सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध चालू झालं तरी तो टळतो, त्यामुळे उशिरा आलेल्यांनाही मी परत पाठवत नाही.

बाटल्यांचा आकडा आता चिठ्ठीवरच मोठ्या अक्षरात लिहितो. मुलीच्या केसपेपरवर ‘ॲलर्जी’ एवढंच होतं, तिथे लिहिलं: अमॉक्सिसिलिन, पाचवा दिवस, चपटं पुरळ, सूज नाही, धाप नाही; बरी झाल्यावर तज्ज्ञांकडे तपासणी.