हिरवी टिकली

"काकू, गाडीवर एक चलन दिसतंय."

आमच्या सोसायटीतल्या पोराने हे अगदी नम्रपणे सांगितलं. माझी स्कूटर त्याने घ्यायची ठरली होती, भाव ठरला होता, फॉर्म 29 आणि 30 वर माझ्या सह्यासुद्धा झाल्या होत्या. तो बिचारा हळू आवाजात बोलला, पण माझ्या कानाला ते "काकू, तुम्ही फसवताय" असंच ऐकू आलं. अजून ऐकू येतं.

चलन 500 रुपयांचं. स्वारगेटच्या चौकात झेब्रा क्रॉसिंगवर गाडी उभी केली म्हणून आलेलं. चूक माझीच होती, फोटोत पुढचं चाक पांढऱ्या पट्ट्यांवर स्वच्छ दिसत होतं. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार अशी, की ते मी मार्चमध्येच भरलं होतं. वीजबिल भरते त्याच पेमेंट ॲपमधून, रात्री जेवणं झाल्यावर. मोठी हिरवी टिकली आली, "पेमेंट सक्सेसफुल" आलं, खात्यातून 500 गेल्याचा बँकेचा मेसेज आला. मी स्क्रीनशॉटसुद्धा काढून ठेवला होता. आणखी काय करायचं माणसाने?

दुसऱ्या दिवशी मी वाहतूक शाखेच्या चौकीत गेले. आता लिहिताना लाज वाटते, पण वीस मिनिटं मी तिथे भांडले. टेबलामागच्या हवालदारांपुढे फोन धरला आणि म्हटलं, पैसे घेता आणि नोंद करत नाही, आम्ही काय दोनदा भरायचं? मागे रांग वाढत होती. एक गृहस्थ "बरोबर बोलताय ताई" म्हणाले, त्यामुळे मला आणखी चेव आला. हवालदारांनी मला बोलू दिलं. मग फोन हातात घेऊन एकच विचारलं, "मॅडम, यावर चलनाचा नंबर कुठंय?"

नव्हता. बारा आकडी युपीआयचा नंबर होता, तारीख होती, रक्कम होती. चलनाचा नंबर कुठेच नव्हता.

"आणि ही खालची ओळ वाचा."

हिरव्या टिकलीखाली फिकट पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, की पैसे मिळाले आहेत, बिलभरणा प्रोसेसिंगमध्ये आहे. चार महिने जो पुरावा मी जपून ठेवला होता, तोच सांगत होता की चलन अजून भरलेलं नाही. मी तो कधी वाचलाच नव्हता.

"घरी जाऊन बँकेचं स्टेटमेंट बघा," ते म्हणाले. आवाजात उपहास नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

घरी येऊन स्टेटमेंट काढलं. 16 मार्चला 500 गेले होते. 18 मार्चला, त्याच ॲपच्या नावाने, 500 परत आले होते. त्या आठवड्यात भिशीचे पैसे येत होते, बहिणीने काही पाठवले होते, त्या गर्दीत हे 500 मी पाहिलेच नाहीत. जमा झाल्याचा मेसेजही आलेला असणार. पैसे गेल्याचा मेसेज आपण तीनदा वाचतो, आल्याचा कोण वाचतो?

तेव्हा कुठे लक्षात आलं, की ज्याला मी "भरलं" म्हणत होते त्यात तीन वेगळ्या गोष्टी होत्या. पैसे माझ्या खात्यातून निघणं ही पहिली. ते सरकारी खात्यापर्यंत पोचणं ही दुसरी. आणि त्या पैशांची गाठ माझ्या चलनाच्या नंबरशी बांधली जाणं ही तिसरी. हिरवी टिकली फक्त पहिलीची होती. मधे गाडी अडकली तर पैसे उलटे येतात, आणि त्यात बँकेचं काही चुकत नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमाप्रमाणे असा अडकलेला युपीआय व्यवहार पाच दिवसांत उलटावा लागतो, त्यापुढे दिवसाला 100 रुपये भरपाई. माझे तर दोन दिवसांत आले होते. म्हणजे कुणीच मला लुबाडलं नव्हतं. तरीही त्या टिकलीवरचा माझा राग गेलेला नाही. काम अर्धं झालं असताना एवढी मोठी हिरवी खूण कशाला?

दुसऱ्यांदा भरताना मी मधला माणूस ठेवला नाही. mahatrafficechallan.gov.in हा पत्ता स्वतः टाइप केला. मेसेजमधल्या लिंकवरून मी जात नाही, कारण खोट्या चलनाचे मेसेज हल्ली सर्रास येतात. गाडीचा नंबर आणि चासी नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले. पैसे भरण्याआधी चलन उघडून त्याचा नंबर, तारीख आणि फोटो जपून ठेवला. पैसे भरल्यावर पान आपोआप परत येईपर्यंत हात लावला नाही आणि पावती पीडीएफ म्हणून उतरवून घेतली. तिच्यावर चलनाचा नंबर, गाडीचा नंबर आणि रक्कम तिन्ही आहेत का, ते चष्मा लावून पाहिलं.

खरी तपासणी दुसऱ्या दिवशी केली. पुन्हा तसंच गाडीचा नंबर टाकून पाहिलं. इथे एक गंमत आहे. थकीत यादी रिकामी दिसली की आपण सुटकेचा श्वास टाकतो, पण एखादा आकडा चुकला तरी यादी रिकामी दिसू शकते. म्हणून "काही बाकी नाही" एवढ्यावर थांबू नये, आपलं चलन त्याच नंबराने "भरलेलं" म्हणून दिसतंय का ते पाहावं. मला दिसलं. ते पान तारखेसकट छापून ठेवलं. त्या पोराच्या फोनमधल्या ॲपवर मात्र ते आणखी दोन दिवस थकीतच दिसत होतं. त्याला पावती पाठवली, म्हटलं, थांब. तिसऱ्या दिवशी तिथूनही गेलं.

आता माझं मत असं, की सगळंच जपायची गरज नाही. बँकेचं स्टेटमेंट बँक केव्हाही देते. युपीआयचा स्क्रीनशॉट त्या बारा आकड्यांपुरता कामाचा, तोही पैसे अडकलेच तर बँकेकडे तक्रार करायला. मेसेज तर कुणीही टाइप करू शकतो, तो पुरावाच नाही. जपायच्या गोष्टी दोन: चलनाचा नंबर असलेली पावती आणि "भरलेलं" दाखवणारं ते तारखेचं पान. फोन बदलला की ॲपमधला इतिहास शोधत बसावं लागतं, म्हणून दोन्ही कागदावर.

चौकीत जाऊन त्या हवालदारांची माफी मागायची होती. गेले तर त्यांची ड्युटी दुसरीकडे लागलेली.

स्कूटर त्या पोराने नेली. आरसीवर त्याचं नाव चढेपर्यंत मी दर रविवारी गाडीचा नंबर टाकून बघत होते. तिसऱ्या रविवारी नवं चलन दिसलं, हेल्मेट नसल्याचं. फोटोत तो होता, नाव माझं होतं. गाडी दिल्याची तारीख आणि वेळ घालून त्याची सही घेतली होती, तो कागद आता पावतीच्याच पाकिटात आहे.