वॉरंटीत न बसणारे भाग

बॅगांचे रिव्ह्यू सहसा बॅग घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात लिहिले जातात. कप्पे किती, रंग फोटोसारखाच आहे का, लॅपटॉप बसतो का, एवढं त्यात कळतं. पण बॅगेचं कापड सहसा दगा देत नाही. दगा देतात ते हलणारे आणि ओढले जाणारे भाग: चेन, चाकं आणि हँडलची शिलाई. त्यांचं खरं रूप दिसायला वर्षभर जावं लागतं.

माझी बॅग म्हणजे चार चाकांची, कापडी, केबिन साइजची ट्रॉली. किंमत 4,300 रुपये, वॉरंटी तीन वर्षांची. माझं ऑफिस पुण्यात, क्लायंट बेंगळुरूत आणि आई-बाबा साताऱ्यात. त्यामुळे वर्षभरात ही बॅग चाळीसेक वेळा तरी घराबाहेर पडली. विमानतळाच्या टाइल्सवरून जितकी फिरली, तितकीच एसटी स्टँडच्या खड्ड्यांतूनही. वर्षभरात तिच्यात तीन बिघाड झाले, आणि तिन्हींचा निकाल वेगवेगळा लागला. कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही, कारण वॉरंटी कार्डावरचं मुख्य वाक्य बहुतेक कंपन्यांचं सारखंच असतं: ‘मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट’ असेल तर दुरुस्ती फुकट, ‘वेअर अँड टेअर’ असेल तर नाही. सगळा वाद या दोन शब्दांमधल्या सीमारेषेवर होतो.

पहिला बिघाड आठव्या महिन्यात झाला. रनर पुढे सरकायचा, चेन लागल्यासारखी दिसायची, आणि बॅग जरा फुगली की मधूनच उकलायची. अशा वेळी आपण म्हणतो, ‘दात गेले’. पण आजकालच्या बहुतेक बॅगांच्या चेनला सुटे दात नसतातच. नायलॉन किंवा पॉलिस्टरच्या जाड तारेचं वेटोळं पट्टीवर शिवलेलं असतं, आणि ते बरंच चिवट असतं. झिजतो तो रनर. त्याच्या वरच्या आणि खालच्या पत्र्यांमधून दोन्ही वेटोळी एकमेकांत दाबली जातात. गच्च भरलेली बॅग ओढून बंद केली की हे पत्रे थोडे थोडे फाकतात, आणि धूळ आतून घासत राहते. अंतर वाढलं की दाब कमी पडतो.

दोष कुठे आहे हे शोधणं सोपं आहे. चेन दरवेळी एकाच ठिकाणी उकलत असेल, तर तिथलं वेटोळं चेपलंय आणि चेनच बदलावी लागेल. कुठेही उकलत असेल, तर रनर गेलाय. माझी कुठेही उकलत होती. कंपनीने फोटो पाहून ‘वेअर अँड टेअर’ असं कळवलं. मी दोन ईमेल लिहिले, उत्तर तेच आलं.

आमच्या चौकात बॅगा दुरुस्त करणारे काका बसतात. त्यांनी रनरची मागची बाजू पकडीत धरून डावीकडे थोडी दाबली, मग उजवीकडे थोडी. "ताई, हे वीस रुपये. पण हा पुन्हा फाकणार," ते म्हणाले. "जास्त दाबला तर तुटेल, ओतीव धातू आहे." दोन महिन्यांनी तो खरंच फाकला. मग त्यांनी चेनच्या टोकाची शिवण उसवली, जुना रनर काढला, नवा ओवला आणि टोक परत शिवलं. साठ रुपये. रनरच्या पाठीवर बहुतेक वेळा आकडा असतो: 5, 8 किंवा 10. बंद चेनच्या दातांची रुंदी साधारण तितके मिलिमीटर असते. नवा रनर त्याच आकड्याचा लागतो. माझ्या मुख्य चेनचा 8 होता.

दुसरा बिघाड बाजूच्या हँडलचा. एक टोक उसवून लोंबायला लागलं. सर्व्हिस सेंटरचं पहिलं उत्तर होतं, ‘ओव्हरलोडिंग’. मी टॉर्च लावून नीट पाहिलं. कापड शाबूत होतं, दोरा तुटला होता. जास्त वजनाने फाटलं असतं तर टाक्यांच्या भोकांपाशी कापड ताणलेलं, विरलेलं दिसलं असतं. मग हँडलचं दुसरं टोक पाहिलं. तिथे एकाच जागी पुढे-मागे घट्ट मारलेल्या टाक्यांची जाड पट्टी होती. शिलाईच्या कामात तिला बारटॅक म्हणतात. जिथे ताण येतो तिथे ती मारायचीच असते. तुटलेल्या टोकाला ती नव्हतीच, फक्त एक साधी सरळ शिवण होती.

दोन्ही टोकांचे फोटो शेजारी शेजारी लावून मी पाठवले. खाली तीन ओळी लिहिल्या: हँडल एकच, वजन एकच, एका टोकाला बारटॅक आहे, दुसऱ्याला नाही. यावर ओव्हरलोडिंगचा मुद्दा टिकत नाही. क्लेम मंजूर झाला आणि एकोणीस दिवसांनी बॅग शिवून परत आली. ‘हँडल तुटलं’ ही फक्त तक्रार असते. वॉरंटीला कारण लागतं, आणि तेही कारखान्यातलं.

तिसरा बिघाड चाकाचा. सिंगापूरहून परतताना विमान भरलेलं होतं, म्हणून गेटवरच बॅग चेक-इनला घेतली गेली. मुंबईत बेल्टवरून उचलली तर एक चाक तिरकं. चाक ज्या प्लास्टिकच्या कपात बसतं तो कप तडकला होता. गोल फिरणारी चार चाकं बॅगेच्या बाहेर निघालेली असतात, त्यामुळे आपटताना पहिला मार त्यांनाच बसतो. दोन चाकांच्या ट्रॉलीत ती कोपऱ्यात अर्धी दडलेली असतात, म्हणून वाचतात.

बॅग कंपनी म्हणणार विमान कंपनीने तोडलं, विमान कंपनी म्हणणार आधीच झिजलं होतं. इथे तडच साक्ष देते. ताज्या तडीची कड स्वच्छ असते आणि ताणामुळे आजूबाजूचं प्लास्टिक पांढरट पडतं. जुन्या तडीत काळी धूळ बसलेली असते. मी बेल्टजवळच फोटो काढला आणि बाहेर पडण्याआधी काउंटरवर ‘प्रॉपर्टी इरेग्युलॅरिटी रिपोर्ट’ भरून घेतला. भारत आणि सिंगापूर दोघंही 1999 च्या माँट्रियल कन्व्हेन्शनमध्ये आहेत. त्यानुसार बॅगेच्या नुकसानीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून 7 दिवसांच्या आत करावी लागते. तक्रार न करता बॅग घेतली, तर ती नीट मिळाली असंच धरलं जातं, उलटं सिद्ध करणं आपल्यावर येतं. विमान कंपनीने बिल मागितलं, दुरुस्तीचं कोटेशन मागितलं आणि सहा आठवड्यांनी चाकाचे 900 रुपये दिले.

बाकीची तीन चाकं ठीक आहेत, फक्त दर दोन-तीन महिन्यांनी त्यांच्या आसाभोवती गुंडाळलेले केस आणि दोरे सुईने काढावे लागतात. ते साठले की चाक अडकतं, फिरण्याऐवजी घासत जातं आणि एका बाजूने चपटं होतं. मग टाइल्सवर टक-टक आवाज येतो. चपटं झालेलं चाक पुन्हा गोल होत नाही.

मी पुढची बॅग घेताना दुकानात तीन गोष्टी बघेन. हँडलच्या दोन्ही टोकांना बारटॅक आहे का. मुख्य चेनचा रनर 8 किंवा 10 चा आहे का. आणि चाकं आतून स्क्रूने बसवली आहेत की रिव्हेटने. स्क्रू असतील तर अस्तराची चेन उघडून चाक घरीच बदलता येतं, रिव्हेट असेल तर ड्रिल शोधावं लागतं. सध्या मात्र नवी बॅग घेण्याचं कारण नाही. या बॅगेवर माझ्या खिशातून वर्षभरात ऐंशी रुपये गेलेत, आणि ते दोन्ही वेळा चौकातल्या काकांनाच दिलेत.