तुमचं पत्र आम्ही का कापतो?

मंडळी, वर्तमानपत्रात वाचकांच्या पत्रांचं सदर मी सांभाळतो, त्यामुळे मोहोळ तालुक्यातल्या बऱ्याच जणांचा माझ्यावर एक राग आहे. पत्र पाठवलं तर छापून येत नाही, आलं तर निम्मंच येतं, आणि ज्या वाक्यात खरा दणका दिलेला असतो तेच नेमकं गायब असतं. "कुणाचा फोन आला होता का साहेब?" असंही लोक तोंडावर विचारतात. म्हणून एका पत्राचं टेबलावर काय काय झालं ते सांगतो. गाव आणि कारखाना सांगणार नाही. का, ते पुढे कळेलच.

मार्च महिना होता. पत्र हाताने लिहिलेलं, दोन पानं, साधारण चारशे शब्द. सदरात एका पत्राला फार तर दीडशे शब्दांची जागा मिळते. लिहिणारा ऊस उत्पादक शेतकरी. पहिला परिच्छेद बळीराजाच्या हालअपेष्टांवर. दुसऱ्यात मुद्दा: १२ जानेवारीला ४६ टन ऊस कारखान्याला गेला, अजून एक रुपया नाही, सोसायटीचं कर्ज थकायला आलंय. तिसऱ्यात, चेअरमनने उसाचे पैसे स्वतःच्या संस्थेत वळवले. चौथ्यात बिलाची मागणी, आणि शेवटी "माझं नाव छापू नका".

पहिलं काम, हे पत्र खरंच त्या माणसाचं आहे का ते बघायचं. दुसऱ्याच्या नावाने पत्र धाडणं हा आपल्याकडचा जुना धंदा आहे. भावकीतला वाद असतो, सोसायटीची निवडणूक असते. पत्रात राम्याचं नाव आणि लिहिणारा शाम्या. पत्राखाली दिलेल्या नंबरवर फोन करून काही सिद्ध होत नाही, कारण खोटं पत्र लिहिणारा नंबरही स्वतःचाच देतो. म्हणून आम्ही नंबर दुसऱ्या वाटेने मिळवतो. त्या गावाच्या वार्ताहराला त्या माणसाचा नंबर विचारायचा, पण कशासाठी ते सांगायचं नाही. मग फोन करून विचारायचं, "तुम्ही आम्हाला काही पाठवलंय का?" पत्रातला मजकूर आपण आधी सांगायचा नाही, त्याच्याकडून ऐकायचा. या शेतकऱ्याने न अडखळता सगळं सांगितलं.

इतकी खबरदारी कशाला, असं वाटेल. १८८२ सालचं कोल्हापूर प्रकरण आठवा. ती काही वाचकांची पत्रं नव्हती, पण प्रश्न हाच होता. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांची म्हणून काही पत्रं पुढे आली. छत्रपती चौथे शिवाजी यांच्या विरोधात कारस्थान चाललंय, असा त्यांचा अर्थ निघत होता. त्यावर वर्तमानपत्रांत लिहून आलं. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि पत्रं बनावट ठरली. टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून ते सुटले. दोघांचाही हेतू चांगलाच होता. पण पत्र कुणी लिहिलं हा प्रश्न हेतूने सुटत नाही.

दुसरं काम, मजकूर तपासायचा. शेतकऱ्याला वजन पावत्यांचे फोटो पाठवायला सांगितले. चार पावत्या आल्या, बेरीज ४१ टन. तो म्हणाला, "एक पावती सापडंना." खोटं बोलत होता असं मला वाटलं नाही. पण पावती नसलेले पाच टन मी धरू शकत नव्हतो.

मग कारखान्याकडे विचारणा. इथे पत्र दाखवायचं नाही आणि नावही सांगायचं नाही. बिलं पंधरवड्यावर निघतात, म्हणून एवढंच विचारलं, "जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्याचं बिल निघालं का?" उत्तर आलं, "अजून नाही, लवकरच निघेल." म्हणजे तक्रारीचा गाभा खुद्द कारखान्यानेच कबूल केला. कायदा तर स्पष्टच आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपीचे पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज.

आता तिसरा परिच्छेद. "चेअरमनने पैसे वळवले" याला काही पुरावा आहे का, विचारलं. "सगळं गाव म्हणतंय" एवढाच. हे वाक्य काढलं. वाचकाने लिहिलंय म्हणून छापणारा सुटत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामी मजकूर छापणाऱ्यालाही लागू होते. सदराखालची "या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही" ही ओळ कोर्टात वाचवत नाही. आणि त्याहून महत्त्वाचं, त्या एका वाक्यामुळे सगळी चर्चा चेअरमनच्या अब्रूवर गेली असती आणि १४ दिवसांचा मुद्दा बाजूला पडला असता.

राहिलं नावाचं. नाव छापलं तर पुढच्या हंगामात नोंद घेतील का, तोड वेळेवर देतील का, ही त्याची भीती मला रास्त वाटली. कधी कधी आम्ही नाव संपादकांकडे ठेवतो आणि "एक ऊस उत्पादक" असं छापतो. पण नुसतं नाव झाकून भागत नाही. "१२ जानेवारी, ४१ टन" असं छापलं असतं, तर कारखान्याच्या कारकुनाने रजिस्टर उघडून दोन मिनिटांत माणूस शोधला असता. म्हणून खात्री करायचे आकडे वेगळे आणि छापायचे आकडे वेगळे. तारीख आणि वजन दोन्ही गाळलं. त्याचा फायदा असा की ४१ की ४६ हा वादही उरला नाही.

छापलं ते साधारण असं: "जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात तोड झालेल्या उसाचं बिल मार्च उजाडला तरी मिळालेलं नाही. कायद्याने १४ दिवसांत पैसे द्यायला हवेत. सोसायटीचा हप्ता तोंडावर आहे. कारखान्याने थकीत बिल १५ टक्के व्याजासह द्यावं आणि तारीख जाहीर करावी. ऊस वाळला तर वजन घटतं, बिल वाळलं तर घर घटतं." शेवटचं वाक्य त्याचंच, दुसऱ्या पानावर कोपऱ्यात लिहिलेलं. त्याला हात लावला नाही. पत्र लहान करायचा अधिकार प्रेस कौन्सिलने संपादकाला दिलाय, अर्थ बदलायचा नाही. म्हणून छापायच्या आधी सगळं त्याला फोनवर वाचून दाखवलं. चेअरमनचं वाक्य गेल्याचं त्याला आवडलं नाही, पण "छापा" म्हणाला.

आठवड्याने कारखान्याचा खुलासा आला. तोही छापला, त्याच जागी, तेवढ्याच शब्दांत. बिल पुढच्या महिन्यात निघालं, व्याज नाही मिळालं. बिल पत्रामुळे निघालं असं मी म्हणणार नाही. आमच्या तपासणीतून एवढंच ठरतं की माणूस खरा आहे आणि बिल खरंच थकलंय. पैसे कुठे गेले हे दोन फोन करून कळत नाही. ते काम साखर आयुक्तांच्या तपासणीचं, नाहीतर बातमीदाराचं.

तेव्हा पत्र पाठवताना नाव, गाव, फोन नंबर लिहा. नाव छापायचं नसेल तर कारण सांगा. पावती, अर्जाची पोच, जे असेल त्याचा फोटो जोडा. आणि मुद्दा पहिल्याच ओळीत येऊ द्या, कारण आमची कात्री बहुतेक वेळा पहिल्या परिच्छेदावरच चालते.