शून्य भागिले सात

माझ्या मावशीच्या मोठ्या आतड्याचा कर्करोगग्रस्त भाग गेल्या वर्षी इंदूरला शस्त्रक्रियेने काढला. पॅथॉलॉजीच्या अहवालात लिहिले होते : टी-३, एन-०, लसिकाग्रंथी ०/७. म्हणजे गाठ आतड्याचा स्नायूथर ओलांडून गेली होती, पण तपासलेल्या सातही ग्रंथींत कर्करोग नव्हता. घरच्यांनी शून्य वाचून सुटकेचा निःश्वास टाकला. माझी नजर मात्र सातवर थांबली.

भौतिकशास्त्रात ‘काही आढळले नाही’ या विधानाचे मोल किती शोधले यावर ठरते. समजा, दर दहा ग्रंथींपैकी एक बाधित आहे. सात तपासल्यास सातही निरोगी निघण्याची शक्यता ०.९ चा सातवा घात, म्हणजे सुमारे ४८ टक्के. बारा तपासल्यास ती २८ टक्क्यांवर येते. हे गणित ढोबळ आहे, कारण बाधित ग्रंथी सर्वत्र सारख्या विखुरलेल्या नसतात. तरीही किमान बारा ग्रंथी तपासाव्यात या संकेतामागचा तर्क त्यातून कळतो.

ग्रंथी कमी भरण्याचे कारण नेहमी शस्त्रक्रियेत नसते. त्या आतड्यालगतच्या चरबीत दडलेल्या असतात, काही तर तांदळाच्या दाण्याहूनही लहान. फॉर्मलिनमध्ये राखलेला नमुना पुन्हा तपासता येतो. मावशीच्या शल्यविशारदांनी तशी विनंती केली. आणखी सहा ग्रंथी सापडल्या आणि त्यांतल्या एकीत कर्करोग होता. ०/७ चे १/१३ झाले. दुसरा टप्पा तिसरा ठरला.

या बदलाने उपचारच बदलला. दुसऱ्या टप्प्यातील बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेनेच बरे होतात. त्यांना पूरक केमोथेरपीचा लाभ थोडा असतो. म्हणून गाठ टी-४ असणे किंवा बारापेक्षा कमी ग्रंथी तपासलेल्या असणे, अशी जोखीम असेल तरच तिचा विचार होतो. तिसऱ्या टप्प्यात मात्र ती रोग उलटण्याचा धोका स्पष्टपणे घटवते. टी-३ गाठ आणि एक ते तीन बाधित ग्रंथी असल्यास कॅपेसिटाबिन व ऑक्सॅलिप्लॅटिनचे तीन महिने बहुधा पुरतात. सहा महिन्यांच्या तुलनेत हातापायांची बधिरता बरीच कमी राहते. मावशीला तीनच महिने द्यावे लागले.

आता दर तीन महिन्यांनी रक्तातील सीईए, वर्षातून एकदा सीटी स्कॅन आणि वर्षपूर्तीला कोलोनोस्कोपी. सीईए धूम्रपानाने वाढतो, केमोथेरपी चालू असतानाही तात्पुरता वाढू शकतो आणि काही गाठी तो स्रवतच नाहीत. म्हणून एका वाढीव आकड्यावर निदान होत नाही. चाचणी पुन्हा करतात, आणि चढ कायम राहिला तर स्कॅन. तो शोधायचा कारण यकृतात वा फुप्फुसात उलटलेली एखाददुसरी गाठ वेळेत सापडल्यास काढता येते, आणि काही रुग्ण त्यानंतरही पूर्ण बरे होतात.

अहवाल हाती आला, तर अंशाइतकाच छेदही वाचावा.